‘आमचा डेमो खेळून पाहाल का?’

यूट्यूबवर गेम खेळून दाखवणाऱ्या एखाद्या बऱ्यापैकी चाललेल्या चॅनेलची ईमेलपेटी उघडली, तर तिथे तीन प्रकारचे मेल हमखास सापडतात. पहिल्या प्रकारात पैसे देऊन जाहिरात करवून घेणारे असतात. दुसऱ्यात भामटे. तिसऱ्या प्रकारात एखाद्या दोन-तीन माणसांच्या चमूची साधी विनंती असते : आम्ही एक गेम बनवतोय, त्याचा डेमो तयार आहे, खेळून पाहाल का? हे तिन्ही मेल वरवर एकसारखे दिसतात, आणि चॅनेल चालवणाऱ्याकडे प्रत्येकासाठी जेमतेम काही सेकंद असतात. तेवढ्या वेळात आपण पहिले नाही, दुसरे तर नाहीच, आणि तरीही उघडून पाहण्यासारखे आहोत, हे त्या तिसऱ्या मेलला पटवायचे असते.

मुळात हा मेल का लिहावा लागतो? संगणकावरचे बहुतेक गेम आज ‘स्टीम’ नावाच्या ऑनलाइन दुकानातून विकले जातात. वॉल्व्ह ही अमेरिकी कंपनी ते चालवते. तिथे वर्षाला हजारो नवे गेम येतात. मोठ्या कंपन्या जाहिरातींवर पैसा ओततात. लहान डेव्हलपरकडे तो नसतो. त्याच्या गेमची बातमी लोकांपर्यंत पोचते ती बहुतांशी कुणीतरी तो कॅमेऱ्यासमोर खेळल्यामुळे. ‘अमंग अस’ हा गेम २०१८ साली आला आणि दोन वर्षे जवळजवळ कुणाला ठाऊक नव्हता. २०२० मध्ये लाइव्ह खेळणाऱ्या काही लोकप्रिय मंडळींनी तो उचलला आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या जगाने त्यांच्यामागून तो खेळायला घेतला. गेम तोच होता. ‘बलाट्रो’ हा पत्त्यांच्या पोकरवर बेतलेला गेम एकट्या माणसाने घडवला. २०२४ च्या फेब्रुवारीत तो विक्रीला आला आणि महिन्याभरातच त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. पण त्याचा डेमो खेळणाऱ्यांचे व्हिडिओ त्याआधीच फिरत होते.

डेमो म्हणजे गेमचा फुकट खेळता येणारा तुकडा. स्टीमवर तो पूर्ण गेमच्या आधी काही महिने ठेवता येतो. खेळून आवडला, तर माणूस ‘विशलिस्ट’चे बटण दाबतो, आणि गेम विक्रीला आला की स्टीम त्याला स्वतःहून कळवते. म्हणून डेमोच्या काळात डेव्हलपरचे लक्ष विक्रीवर नसून त्या विशलिस्टवर असते. स्टीम वर्षातून तीनदा ‘नेक्स्ट फेस्ट’ नावाचा आठवडाभराचा डेमोंचा उत्सव भरवते आणि एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत चॅनेलवाल्यांच्या पेटीत या मेलचा पूर येतो तो त्यामुळेच.

आता खुद्द मेल. आपल्याकडच्याच एका काल्पनिक गेमचे उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या दोघा मित्रांनी तालुक्याच्या गावातल्या एसटी स्टँडवरचा गेम बनवला आहे. ते पहिला मसुदा लिहितात तो साधारण असा असतो : माननीय महोदय, आम्ही पुण्यातील तरुण आणि ध्येयवेडा चमू असून गेली तीन वर्षे एका आगळ्यावेगळ्या गेमवर अहोरात्र मेहनत घेत आहोत. यात बारा गावे, चाळीस बसगाड्या, बदलते हवामान आणि अत्यंत सखोल व्यवस्थापन प्रणाली आहे. आपल्या लोकप्रिय चॅनेलवर स्थान मिळाल्यास आम्ही आपले ऋणी राहू. सोबत जोडलेली फाइल उघडून गेम पाहावा.

यातले एकही वाक्य खोटे नाही. तरी हा मेल बहुधा वाचला जाणार नाही, आणि शेवटच्या वाक्यामुळे तर थेट कचऱ्यात जाईल. त्या शेवटच्या वाक्याकडे नंतर येऊ. आधी बाकीचे.

चॅनेल चालवणारा गेम विकत घ्यायला बसलेला नसतो. त्याला पुढच्या आठवड्याचा व्हिडिओ हवा असतो. हे मित्र त्याला गेमचे गुण सांगताहेत आणि तो मनात विचारतोय : यात मी काय करेन, आणि मला ते करताना पाहून लोक का थांबतील? बारा गावे आणि चाळीस गाड्या यातून त्याचे उत्तर मिळत नाही. तीन वर्षांच्या मेहनतीतूनही मिळत नाही. माझ्या मते अशा मेलमधले सर्वांत वाया जाणारे वाक्य हेच मेहनतीचे. मेहनत प्रत्येकाची असते, अगदी वाईट गेमच्या मागेही.

म्हणून त्या दोघांना एकच गोष्ट विचारायला हवी : तुमचा गेम पहिल्यांदा खेळणारा माणूस कुठे हसतो, कुठे ओरडतो? समजा, ते म्हणाले, ‘घोषणांच्या वेळी.’ त्यांच्या गेममध्ये खेळणारा असतो स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक आणि त्याच्या हातात असतो फक्त माइक. तो जी घोषणा करेल ती प्रवासी खरी मानतात. चार नंबरच्या फलाटावर गाडी लागली म्हटले, की गाडी नसली तरी गर्दी पिशव्या सावरत तिकडे धावते. एक नंबरवरची चेंगराचेंगरी टाळायला खोटे बोलता येते; पण खोटे उघडे पडत गेले, की लोक घोषणांवर विश्वास ठेवणे सोडतात आणि मग खरी गाडी आली तरी जागचे हलत नाहीत. हे ऐकताक्षणी व्हिडिओ डोळ्यासमोर येतो. त्याचे शीर्षकसुद्धा सुचते. तीन वर्षांच्या कष्टांत हीच एक गोष्ट त्या दोघांनी मसुद्यात लिहिली नव्हती, कारण ती त्यांना रोजची झाली होती.

हा मेल परदेशी चॅनेलना जाईल तेव्हा इंग्रजीत असेल. इथे एखाद्या मराठी यूट्यूबरला लिहिला आहे असे धरून त्याचे दुरुस्त रूप देतो.

विषय : डेमो – एसटी स्टँडवर खोट्या घोषणा करून गर्दी पळवायचा गेम (अर्धा तास, मोफत)

नमस्कार (नाव),
तुमची विमानतळ चालवण्याच्या गेमची मालिका पाहिली. रांगा कोलमडल्यावर तुम्ही ज्या गमती करता, त्या पाहून हा मेल तुम्हाला लिहावासा वाटला.

आमच्या गेममध्ये तुम्ही तालुक्याच्या एसटी स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक आहात आणि हातात फक्त माइक आहे. तुम्ही सांगाल त्या फलाटावर गर्दी धावते, गाडी असो वा नसो. खोटे किती वेळ खपवायचे ते तुम्ही ठरवायचे.

(दहा सेकंदांची हलती चित्रफीत)

डेमो स्टीमवर सर्वांना खुला आहे, की-कोड लागत नाही : (स्टीमच्या पानाचा दुवा)
एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. विंडोज. गेमपॅडवर अजून नीट चालत नाही, कीबोर्ड आणि माउस वापरा.
व्हिडिओ केव्हाही टाका. त्यातून कमाई करायला आमची पूर्ण परवानगी आहे. संगीत आमचे स्वतःचे आहे.
ट्रेलर, चित्रे, बोधचिन्ह : (दुवा)

(नाव, पुणे)

एवढेच. मोबाइलवर एका नजरेत मावेल इतके. यातली एकेक ओळ का आहे ते पाहू, कारण सगळ्या ओळी सारख्या वजनाच्या नाहीत.

विषयाच्या ओळीत गेमचे नाव नाही. बऱ्याच जणांना हे खटकेल, पण अनोळखी गेमचे नाव वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. ‘खोट्या घोषणा करून गर्दी पळवायचा’ हे मात्र सांगते. आधीचा गेम गाजला असेल तर गोष्ट वेगळी, मग नाव पुढे हवे. ‘डेमो’ आणि ‘अर्धा तास’ हे शब्द तिथेच असल्याने आपल्याकडून काय अपेक्षित आहे ते मेल न उघडताही कळते.

पहिले वाक्य सर्वांत महाग, कारण ते शंभर जणांना एकसारखे पाठवता येत नाही. त्या माणसाचा व्हिडिओ खरोखर पाहिल्याशिवाय ते लिहिता येत नाही, आणि न पाहता लिहिले तर लगेच उघडे पडते. ‘आम्ही आपल्या चॅनेलचे मोठे चाहते आहोत’ हे वाक्य इतके झिजले आहे की आता ते नसलेलेच बरे. त्यापेक्षा यादीच लहान करावी : व्यवस्थापनाचे, गर्दीचे, वाहतुकीचे गेम खेळणारे साठ चॅनेल निवडावेत आणि बंदूकबाजीचे सहाशे सोडून द्यावेत. त्या सहाशेंतला सर्वांत मोठा चॅनेल मोह घालतो. पण त्याने कधी एसटीचा गेम खेळला, तरी त्याचे प्रेक्षक विशलिस्ट करणार नाहीत.

हलती चित्रफीत लागते कारण पिचमधले वाक्य खरे आहे की फुशारकी, हे ती एका क्षणात दाखवते. त्यात गर्दी रिकाम्या फलाटाकडे धावताना दिसली पाहिजे. मेनू, बोधचिन्ह, सूर्योदय नको. फाइल काही एमबींच्या पुढे गेली, की मोबाइलवर ती उघडायच्या आत बोट पुढे सरकलेले असते.

संगीताच्या ओळीत एक छुपा खड्डा आहे. यूट्यूबवर ‘कंटेंट आयडी’ नावाची यंत्रणा आहे; नोंदवलेले संगीत कुठल्याही व्हिडिओत वाजले, की ती ते ओळखते आणि संगीताचा मालक त्या व्हिडिओची कमाई स्वतःकडे वळवू शकतो. आता गेमचे संगीत त्यांच्या संगीतकार मैत्रिणीने केले, आणि तिने तेच तुकडे गाण्यांच्या ॲपवर टाकताना वितरकाच्या अर्जातल्या कंटेंट आयडीच्या चौकोनात सहज खूण केली, तर गेम खेळून दाखवणाऱ्या प्रत्येकावर आपोआप दावा येतो. कुणाचा वाईट हेतू नसताना. एकदा असे झाले, की तो चॅनेलवाला पुन्हा या चमूच्या वाटेला जाणार नाही. ‘संगीत आमचे स्वतःचे आहे’ हे लिहिण्याआधी गेमचे दहा मिनिटांचे चित्रण स्वतःच्या खात्यावर खासगी व्हिडिओ म्हणून चढवावे. यूट्यूबची तपासणी दावा असेल तर तिथेच दाखवते.

आता जोडलेली फाइल. ती कचऱ्यात का जाते, हे समजायला दुसऱ्या प्रकारच्या मेलकडे वळावे लागेल.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये गूगलच्या सुरक्षा तपास विभागाने यूट्यूबरना लुबाडणाऱ्या टोळ्यांविषयी सविस्तर लिहिले. त्यांची पद्धत हीच होती : सहकार्याचे आमंत्रण देणारा सभ्य मेल, आणि तपासून पाहण्यासाठी काहीतरी. कधी अँटिव्हायरस, कधी फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर, कधी एखादा ऑनलाइन गेम. फाइल उघडली, की ती ब्राउझरमधल्या ‘कुकी’ उचलते. कुकी म्हणजे तुम्ही आधीच लॉगइन केले आहे याची ब्राउझरने जपलेली खूण. ती चोराच्या हाती गेली, की त्याला ना पासवर्ड लागतो, ना मोबाइलवर येणारा ओटीपी; तो थेट तुमच्या चॅनेलमध्ये बसतो. २०२३ च्या मार्चमध्ये ‘लायनस टेक टिप्स’ हा दीड कोटीच्या आसपास सदस्यांचा चॅनेल असाच पळवला गेला आणि त्यावर बनावट क्रिप्टोचे प्रक्षेपण सुरू झाले. तिथल्या कर्मचाऱ्याने उघडलेली फाइल प्रायोजकाने पाठवलेला दस्तऐवज वाटत होती. संगणकाचा धंदा ज्यांच्या रोजच्या जेवणात आहे, ते लोकही फसले.

अशा मेलच्या काही खुणा चॅनेलवाल्यांना आता पाठ आहेत. फाइल पासवर्ड घातलेल्या झिप किंवा आरएआर स्वरूपात असते, कारण मग मेल तपासणाऱ्या यंत्रणेला आत डोकावता येत नाही. पासवर्ड मात्र मेलमध्येच आपुलकीने दिलेला असतो. फाइलवर पीडीएफचे चित्र असते आणि नावाच्या शेवटी `.scr` किंवा `.exe`. कधी फाइल मुद्दाम शेकडो एमबींची फुगवलेली असते, कारण तपासणी करणारी साधने फार मोठ्या फाइल सोडून देतात. आमच्या पुण्याच्या दोघांनी भोळेपणाने गेम झिप करून जोडला, की त्यांचा मेल या वर्णनात तंतोतंत बसतो. त्यांच्या हेतूला इथे किंमत नाही.

म्हणून डेमो स्टीमवर असणे ही केवळ सोय नाही, ती ओळखपत्राची जागा घेते. दुवा `store.steampowered.com` ने सुरू होतो की नाही हे वाचणारा पाहतो. शहाणा वाचणारा तर दुव्यावर न टिचकता स्टीम उघडून गेमचे नाव स्वतः टाइप करतो. गेमच्या पानावर डेव्हलपरची वेबसाइट असते आणि मेल त्याच डोमेनवरून आला असला, तर साखळी जुळते. फुकटच्या जीमेलवरून आलेला मेल खरा असू शकतो, पण ही साखळी तिथे तुटते. वर्षाला काही शे रुपयांत डोमेन मिळते. या कामातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च तोच असावा. स्टीमचे नाव असले म्हणजे धोका संपला असेही नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘पायरेटफाय’ नावाचा मोफत गेम त्यात घातक सॉफ्टवेअर निघाल्यावर वॉल्व्हने काढून टाकला आणि तो चालवलेल्यांना संगणक तपासायला सांगितले. तरीही अनोळखी झिपच्या तुलनेत स्टीमचे पान कितीतरी पटींनी बरे.

फसवणूक उलट दिशेनेही चालते. पूर्ण गेम पाठवताना डेव्हलपर पाच-पाच अक्षरांच्या तीन गटांचा की-कोड देतो. तो मिळवण्यासाठी नामांकित यूट्यूबरच्या नावाने एखादे अक्षर बदललेल्या पत्त्यावरून मेल येतात : मला एक कोड द्या, आणि प्रेक्षकांत वाटायला चार जास्तीचे. ते कोड पुढे स्वस्तात विकले जातात. उपाय साधा आहे, उत्तर त्या पत्त्यावर न देता चॅनेलच्या पानावर दिलेल्या पत्त्यावर द्यायचे. डेमोच्या मेलला हा ताप नाही. सगळ्यांना खुल्या असलेल्या गोष्टीत चोरण्यासारखे काही उरत नाही.

पाठवण्याच्या बाबतीत दोन चुका वारंवार होतात. एक, सगळे पत्ते ‘सीसी’त टाकणे, साठ जणांना एकमेकांचे पत्ते दिसतात आणि ‘खास तुमच्यासाठी’ची लाज निघते. दुसरी, पहिल्याच दिवशी साठही मेल पाठवणे. आधी दहा लहान चॅनेलना पाठवावेत. डेमो दुसऱ्यांच्या संगणकावर हमखास कुठेतरी कोसळतो, आणि ते दोन हजार सदस्यांच्या चॅनेलवर घडलेले परवडते. मोठा चॅनेलवाला गेम अडकला म्हणून परत दुसऱ्यांदा चित्रण करत नाही.

वेळ ठरवून द्यायची असेल, म्हणजे अमुक क्षणापूर्वी व्हिडिओ टाकू नका असे सांगायचे असेल, तर तारखेबरोबर कुठल्या देशाची वेळ ते लिहावेच लागते. नेक्स्ट फेस्ट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे सकाळी दहाला सुरू होतो. पुण्यात तेव्हा जून आणि ऑक्टोबरमध्ये रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, फेब्रुवारीत साडेअकरा, कारण तिकडे हिवाळ्यात घड्याळे तासभर मागे घेतात. ‘सोमवारी रात्री’ एवढेच लिहिले, तर टोकियोतल्या माणसाने ते कधी समजायचे? डेमो आधीच खुला असेल, तर माझ्या मते अशी बंदी घालूच नये.

पैशांचा मुद्दाही इथेच. फुकट डेमो पाठवणे ही जाहिरात नव्हे, आणि चॅनेलवाल्याला गेम आवडला नाही तर तो तसे म्हणायला मोकळा असतो. पैसे दिले, की ते प्रेक्षकांना सांगणे बंधनकारक होते. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी याचे नियम आणले. पहिल्या मेलमध्ये पैशांचा उल्लेख टाळणेच बरे. तो आला की मेल पहिल्या प्रकारच्या ढिगात जाऊन पडतो.

मेल गेल्यावर बहुतेक वेळा काहीच येत नाही. नकार लिहायला कुणाला वेळ नसतो. होकारही फारसे लिहिले जात नाहीत. आवडले तर व्हिडिओच येतो, कधी पाचव्या दिवशी, कधी दोन महिन्यांनी. आठवड्याने एक आठवण पाठवावी आणि तीही नवे काही सांगायला : गेमपॅडचा दोष दुरुस्त झाला, इतके पुरे. तिसरा मेल नको.

उपयोग झाला की नाही हे मोजायला स्टीम दुव्याच्या शेवटी खुणेचे शब्द जोडू देते. प्रत्येक चॅनेलला वेगळी खूण दिली, तर कुणामुळे किती जण पानावर आले आणि त्यांतल्या किती जणांनी विशलिस्ट केले ते दिसते. उदाहरणार्थ :

```
?utm_source=youtube&utm_campaign=demo_mail&utm_content=channel_07
```

हा आकडा मात्र नेहमी कमीच दिसतो. व्हिडिओ टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिला जातो आणि गेम नंतर संगणकावर नाव टाइप करून शोधला जातो. त्या माणसाच्या मागे खूण येत नाही. तेव्हा दुव्यातून चाळीसच जण आले आणि त्याच दोन दिवसांत विशलिस्टचा आलेख चारशेने चढला, तर श्रेय बहुतांशी त्या व्हिडिओचे समजावे. चाळीस पाहून निराश झालेला डेव्हलपर त्या चॅनेलला पूर्ण गेमचा कोड पाठवायचे विसरतो, आणि ज्याने पहिल्यांदा गेम उचलला त्याच्याकडून होणारा दुसरा व्हिडिओ हातचा जातो.